घोडं अडतं ते 'पेक्षा'पाशी

"बाई, हिचे तीसपर्यंत पाढे तोंडपाठ आहेत. हातच्याची वजाबाकी, भागाकार, काही चुकत नाही. मग शाब्दिक उदाहरण आलं की घोडं कुठे अडतं?"

बहुतेक वेळा एका लहानशा शब्दापाशी, 'पेक्षा'पाशी. मी परळ भागातल्या एका मराठी शाळेत पाचवीला गणित शिकवते. पालकसभेत आई-वडील वही उघडून दाखवतात, मलाही पानभर बरोबरच्या खुणा दिसतात आणि खाली शाब्दिक उदाहरणांवर लाल फुल्या. कारणं अनेक असतात. पण सगळ्यात जास्त मुलं ज्या एका प्रकारात अडकलेली मी पाहते, तेवढाच इथे नीट सांगते.

गेल्या वर्षी फळ्यावर हे उदाहरण दिलं होतं: 'शाळेसमोरच्या गाडीवर वडापाव १८ रुपयांना मिळतो. तो स्टेशनजवळच्या गाडीवरच्या वडापावपेक्षा ३ रुपयांनी स्वस्त आहे. स्टेशनजवळ वडापाव केवढ्याला मिळतो?' वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी १५ लिहिलं. त्यांतली एक मुलगी आकडेमोडीत वर्गात पहिली. तिने १८ − ३ = १५ असं सुबक मांडलं होतं, खाली दुहेरी रेघ मारून 'उत्तर : १५ रुपये' लिहिलं होतं. मी विचारलं, "वजा का केलंस?" ती म्हणाली, "स्वस्त म्हटलंय ना."

मी तिला वही मिटायला लावली आणि म्हटलं, "आता मला ही गोष्ट सांग." तिने सांगितलं, "शाळेसमोर वडापाव अठरा रुपयांना आहे. स्टेशनजवळ तीन रुपयांनी स्वस्त आहे. तर तिथे केवढ्याला?"

तिने सांगितलेल्या गोष्टीचं उत्तर १५ हेच आहे आणि ते तिने अचूक काढलं होतं. फक्त ती गोष्ट फळ्यावरची नव्हती. उदाहरण वाचता वाचता तिच्या मनात ते बदललं आणि बदललेलं उदाहरण तिने सोडवलं. म्हणून अशा मुलाला आणखी वीस वजाबाक्या घालून काही उपयोग होत नाही. १८ आणि ३ च्या जागी ८ आणि २ ठेवून पाहा. आकडेमोड चुकत असती तर लहान आकड्यांवर उत्तर सुधारलं असतं. या चुकीत तेव्हाही ६ च येतं.

मनात उदाहरण बदलतं ते कसं, तेही पाहू. आपल्याला विचारलंय स्टेशनजवळच्या वडापावबद्दल, म्हणून मन वाक्याची सुरुवात तिथूनच करू पाहतं. पण फळ्यावरच्या वाक्याचा कर्ता 'तो', म्हणजे शाळेसमोरचा वडापाव. स्टेशनजवळच्याला 'पेक्षा' लागलेलं आहे, म्हणजे तो फक्त मोजायचं माप. वाक्य उलटवायचं तर दोन गोष्टी एकदम कराव्या लागतात: ठिकाणांची अदलाबदल, आणि 'स्वस्त'चं 'महाग'. मुलं पहिली करतात आणि 'स्वस्त' तसाच पुढे नेतात. त्यात आपल्या मराठीतला तो 'तो'. कोण 'तो'? मोठ्यांना ते कळतं, दहा वर्षांच्या मुलाला थांबून शोधावं लागतं.

हे फक्त लहान मुलांचं होत नाही. लुईस आणि मेयर यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर हेच तपासलं. वाक्यातला शब्द एकीकडे ओढतो आणि क्रिया दुसरीकडे करायची असते, अशा उदाहरणांत त्या मोठ्या विद्यार्थ्यांच्याही चुका वाढल्या, आणि त्या चुका उलटी क्रिया करण्याच्या होत्या. १९९५ मध्ये हेगार्टी, मेयर आणि मंक यांनी सोडवणाऱ्यांची नजर कुठे फिरते ते नोंदवलं. ज्यांचं चुकतं ते पुन्हा पुन्हा आकड्यांकडे आणि 'जास्त', 'कमी' अशा शब्दांकडे जातात. ज्यांचं बरोबर येतं ते नावांकडे परत जातात: हे कुणाचं, ते कुणाचं. हे वाचल्यापासून मी वर्गात मुलांच्या डोळ्यांकडे बघत बसते. बोट आकड्यावर थांबलं की मला पुढचं उत्तर आधीच कळतं.

आणि हे आम्हीच शिकवलंय, हेही मला सांगायलाच हवं. माझ्या पहिल्या काही वर्षांत वर्गाच्या भिंतीवर माझ्याच हातचा तक्ता होता: 'एकूण, जास्त, मिळून' म्हणजे बेरीज, 'उरले, कमी, स्वस्त' म्हणजे वजाबाकी, 'प्रत्येकी' म्हणजे गुणाकार. वजाबाकीच्या धड्याखालची सगळी उदाहरणं वजाबाकीचीच असतात, त्यामुळे तक्ता तिथे कधीच खोटा पडत नाही. मुलाला कुठली क्रिया करायची हे ठरवावंच लागत नाही. शिष्यवृत्तीच्या पेपरात सगळे प्रकार सरमिसळ आले की पहिल्यांदा ठरवायची वेळ येते आणि हातात तेवढा तक्ताच असतो. 'प्रत्येकी'चंच बघा. '६ मुलांना प्रत्येकी ४ पेन्सिली दिल्या, तर एकूण किती?' इथे गुणाकार. '२४ पेन्सिली ६ मुलांना सारख्या वाटल्या, तर प्रत्येकी किती?' इथे भागाकार. शब्द तोच. तो तक्ता मी काढून टाकला.

आता करते काय, ते याच उदाहरणावर सांगते. आधी आकडे झाकते. फळ्यावर १८ आणि ३ वर कागद चिकटवते आणि विचारते, "वडापाव कुठे स्वस्त?" सुरुवातीला वर्ग गोंधळतो, कारण आकड्यांशिवाय गणिताच्या तासाला काय बोलायचं हेच मुलांना सुचत नाही. मग कुणीतरी वाक्य पुन्हा वाचतं आणि म्हणतं, "शाळेसमोर." "मग महाग कुठे?" "स्टेशनजवळ." एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

मग वहीत एकाखाली एक दोन पट्ट्या काढायच्या, दोन्ही डावीकडे एकाच रेघेपासून. एकीला 'शाळा' नाव द्यायचं, दुसरीला 'स्टेशन'. लांब कोणती, ते आधीच ठरलंय. आता कागद काढायचे. १८ 'शाळा'च्या आखूड पट्टीत जातं, ३ जातं 'स्टेशन'च्या पुढे आलेल्या तुकड्यावर, आणि पूर्ण लांब पट्टीवर प्रश्नचिन्ह. क्रियेचं चिन्ह सगळ्यात शेवटी. त्या मुलीने पट्ट्या काढल्या, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मिळवायचे? पण लिहिलंय तर स्वस्त." हा प्रश्न तिने स्वतःहून विचारला याचा मला फार आनंद झाला.

शेवटी उत्तर परत गोष्टीत ठेवून बघायचं. १५ ठेवलं तर शाळेसमोर १८ आणि स्टेशनजवळ १५, मग शाळेसमोरचा स्वस्त कसा? २१ ठेवलं की गोष्ट जुळते. '१८ वजा ३ बरोबर आला का' हे तपासणं वेगळं आणि हे वेगळं. पहिलं मुलं करतात, म्हणून त्यांना वाटतं की आपलं तपासून झालंय.

पट्ट्यांचा खरा फायदा दोन पायऱ्यांच्या उदाहरणात दिसतो. 'सायली आणि तिच्या भावाने मिळून ८४ रुपये साठवले. सायलीचे भावापेक्षा १२ रुपये जास्त आहेत. तर दोघांचे किती?' यात नेहमीची चूक अशी: ८४ चे निम्मे ४२, सायलीचे ४२ + १२ = ५४, भावाचे ४२. दोन्ही क्रिया बरोबर, पण बेरीज ९६ होते. पट्ट्या काढल्या की सायलीच्या पट्टीचा १२ चा तुकडा बाहेर आलेला दिसतो. तो कापला की दोन सारख्या पट्ट्या उरतात, मिळून ७२ च्या. भावाचे ३६, सायलीचे ४८.

'पट'च्या उदाहरणांतही तेच होतं. 'रोहनकडे २४ गोट्या आहेत, त्या समीरच्या गोट्यांच्या ३ पट आहेत' म्हटलं की मुलं समीरला ७२ देऊन मोकळी होतात. इथेही आधी विचारायचं ते एवढंच: जास्त कुणाकडे?

आमच्याकडे सेमी इंग्रजीच्या तुकडीत यात आणखी एक पेच आहे. मराठीत ज्याच्याशी तुलना करायची तो 'पेक्षा'च्या आधी येतो, इंग्रजीत 'दॅन'च्या नंतर. घरी मराठी किंवा मालवणी बोलणारं मूल '५ लेस दॅन १२' वाचतं आणि आकडे आले त्याच क्रमाने ५ − १२ मांडतं. म्हणून त्या तुकडीत मी गोष्ट आधी घरच्या भाषेत सांगायला लावते, पट्ट्या त्यावरून काढायच्या आणि मगच इंग्रजी वाक्याकडे परत जायचं. यात वेळ जातो. पस्तीस मिनिटांच्या तासात तीन उदाहरणं झाली तरी मी पुरे म्हणते.

ज्याला वाचताच अडखळायला होतं, त्याला मात्र पट्ट्यांचा उपयोग नाही. ते ओळखायला उदाहरण तुम्ही स्वतः हळू मोठ्याने वाचून दाखवा. ऐकून उत्तर बरोबर आलं तर अडचण वाचनाची आहे, त्याला वाचनाचा सराव द्या. ऐकूनही १५ आलं तर अडचण मी वर सांगितली ती.

तुमचं मूल पहिली-दुसरीत असेल तर 'पेक्षा किती जास्त' हा प्रश्नच त्याच्यासाठी कठीण असतो. हडसन यांनी १९८३ मध्ये बालवर्गातल्या मुलांना पक्षी आणि अळ्यांचं चित्र दाखवलं. 'अळ्यांपेक्षा पक्षी किती जास्त?' असं विचारल्यावर शंभरातल्या साधारण २५ मुलांनाच ते आलं. त्याच वयाच्या मुलांना 'प्रत्येक पक्षी एक अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?' असं विचारल्यावर ९६ जणांना आलं. फरक काढणं त्यांना येतच होतं. तेव्हा घरी ताटं आणि वाट्या मांडा आणि विचारा, किती ताटांना वाटी मिळाली नाही? ते जमलं की त्याच मांडणीवर म्हणा, "म्हणजे वाट्यांपेक्षा ताटं तेवढी जास्त."

त्या मुलीची आई परवा भेटली. म्हणाली, "बाई, आता ही दुकानातसुद्धा विचारते, कुणापेक्षा स्वस्त?"