आमची वाटचाल: कमी बिलाचा फोन कधीच येत नाही

इचलकरंजीत २०१६ साली आम्ही पाण्याचे जार पोचवायला लागलो, तेव्हा एक आरओ प्लांट, एक जुना टेंपो आणि चाळीसेक गिऱ्हाइकं एवढाच पसारा होता. बिलं मीच वहीत लिहायचे. कुणाचा महिन्याचा आकडा किती हे तोंडपाठ असायचं, त्यामुळे चुकीचं बिल हाताखालून जातानाच खटकायचं. आज साडेतीनशेच्या वर गिऱ्हाइकं आहेत: यंत्रमागाचे कारखाने, दवाखाने, दुकानं, दोन मंगल कार्यालयं. टेंपोवरची पोरं पोचवलेल्या जारांची चलनं फाडतात, ऑफिसातल्या मावशी ती एक्सेलमध्ये चढवतात, महिनाअखेरीला बिलं निघतात. खटकणारं माणूस मात्र या साखळीत कुठेच उरलं नव्हतं.

हे कळलं ते एका दवाखान्याच्या फोनवरून. "ताई, आम्ही काय पेशंटना जारच्या पाण्यानं आंघोळ घालतोय व्हय?" ७० जारांऐवजी ७०० चढले होते. ३५ रुपये दरानं २,४५० चं बिल २४,५०० झालेलं. जीएसटीआर-१, म्हणजे जीएसटीसाठीचं विक्रीचं विवरणपत्र, भरून झालं होतं, म्हणजे नुसतं खोडून चालणार नव्हतं. क्रेडिट नोट काढायची आणि ती पुढच्या महिन्यात दाखवायची.

पहिला उपाय सरळ होता. दहा हजारांच्या वरचं प्रत्येक बिल शीटमध्ये लाल करायचं आणि ते मावशींनी पुन्हा बघायचं. दर महिन्याला तीच अकरा नावं लाल व्हायची, सगळे मोठे कारखाने, सगळी बिलं बरोबर. चौथ्या महिन्यात मावशी न बघताच टिक करू लागल्या आणि त्यांची काहीच चूक नव्हती. तेवढ्यात एका किराणा दुकानाचं नऊशेचं बिल चार हजारांचं होऊन गेलं. दहा हजारांच्या आत होतं ना.

माझा भाचा तेव्हा बीकॉमला होता. तो मला म्हणाला, "मावशी, प्रत्येकाची स्वतःची सरासरी काढ, आणि प्रमाण विचलनाच्या तिप्पट अंतर गेलं की लाल कर." प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. ऐकायला पटलं. आम्ही त्या दवाखान्यावरच करून बघितलं, चुकलेलं बिल मुद्दाम तसंच ठेवून. सात महिन्यांचे आकडे असे होते: २,३८०, २,५२०, २,४१५, २४,५००, २,४५०, २,३८०, २,५९०. सरासरी आली ५,६०५. इतकं बिल त्या दवाखान्याला कधीच आलेलं नाही! प्रमाण विचलन आलं ८,३०० च्या आसपास, म्हणजे वरची हद्द तीस हजारांच्या पुढे. २४,५०० आरामात आत. चुकीच्या आकड्यानं स्वतःच हद्द ताणून स्वतःला लपवलं होतं. पुढे भाच्यानं कागदावर मांडून दाखवलं, की तपासायचा आकडा धरून दहा किंवा त्याहून कमी आकडे असतील, तर त्यातला एकही आकडा तिप्पट विचलनाच्या पलीकडे जाऊच शकत नाही, मग तो कितीही वेडावाकडा असो. आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांची वर्षभराचीसुद्धा बिलं नव्हती.

मग मध्यक घेतला. तेच सात आकडे चढत्या क्रमानं लावले की मधला येतो २,४५०. प्रत्येक बिल त्यापासून किती लांब आहे ते काढलं: ०, ३५, ७०, ७०, ७०, १४०, २२,०५०. या अंतरांचाही मधला आकडा ७०. चुकलेलं बिल दोन्ही वेळा रांगेच्या टोकाला जाऊन बसतं, मधल्याला धक्का लावत नाही. त्या ७० ला १.४८२६ नं गुणलं की प्रमाण विचलनाच्या मापाचा आकडा मिळतो, साधारण १०४. त्याच्या साडेतीन पट म्हणजे ३६३. या दवाखान्याचं बिल २,०८७ ते २,८१३ च्या बाहेर गेलं, की चलन काढून बघायचं.

शीटमध्ये C ते N मागचे बारा महिने, O मध्ये चालू महिना, P मध्ये मध्यक, Q मध्ये अंतरांचा मध्यक:

```
P2: =MEDIAN(C2:N2)
Q2: =MEDIAN(IF(C2:N2<>"",ABS(C2:N2-P2)))
R2: =ABS(O2-P2)>MAX(3.5*1.4826*Q2,300)
```

जुन्या एक्सेलमध्ये Q2 चं सूत्र Ctrl+Shift+Enter दाबून टाकावं लागतं. त्यातला `IF` आम्ही आधी गाळला होता, तो महागात पडला. नव्या गिऱ्हाइकाच्या रिकाम्या घरांना एक्सेल शून्य समजून वजाबाकी करत होतं, अंतरं फुगत होती आणि नवे लोक कधीच लाल होत नव्हते. `MAX` मधला ३०० वेगळ्या कारणासाठी आहे. एक वकील दर महिन्याला नेमके ३० जार घेतात, १,०५० रुपये. त्यांच्या अंतरांचा मध्यक शून्य, म्हणून ३०० नसते तर एक जार वाढला तरी लाल.

पहिला एप्रिल महिना आला आणि जवळजवळ सगळी यादी लाल झाली. उन्हाळ्यात सगळ्यांचेच जार वाढतात. त्यावर आम्ही प्रत्येकाचं चालू बिल त्याच्या स्वतःच्या मध्यकानं भागलं आणि त्या सगळ्या भागाकारांचा पुन्हा मध्यक काढला. त्या महिन्यात तो १.४ आला. मग प्रत्येक बिलाला आधी १.४ नं भागून O मध्ये टाकलं. दवाखान्याचं ३,४३० चं बिल परत २,४५० झालं, लाल निघून गेलं.

पण एका कारखान्याचं उलटं झालं. त्यांचं बिल नेहमीसारखंच ५,६०० होतं, आणि १.४ नं भागल्यावर ४,००० होऊन ते खालच्या बाजूनं लाल झालं. मावशी म्हणाल्या, "बिल तर बरोबर वाटतंय, ताई." चलन बुक मागवलं. रात्रपाळीला जाणाऱ्या टेंपोचं दुसरं बुक सीटखाली पडलेलं, त्यातली ६२ चलनं चढलीच नव्हती. जास्तीचं बिल गेलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात. कमीचं गेलं की सगळे गप्प. तेव्हापासून मी लाल यादी खालच्या बाजूनं वाचायला घेते. आणि ज्यांचं बिलच निघालं नाही, त्यांची यादी वेगळी, कारण जे बिल नाही ते लाल कसं होणार?

आकडे कराआधीचेच घ्यायचे, हेही एकदा ठेच लागूनच कळलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून २० लिटरच्या जारवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. एका शीटमध्ये आम्ही करासकट रक्कम घेत होतो, तिथे ज्यांचं बिल महिनोन्‌महिने जवळपास सारखं असतं असे कारखाने ऑक्टोबरात उगाच लाल झाले.

या नियमाला जे दिसत नाही, तेही सांगते. एका मंगल कार्यालयाला ३५ ऐवजी ३० चा दर पहिल्या दिवसापासून लागला होता. चौदा महिने. सगळी बिलं एकमेकांशी जुळणारी, मध्यकच चुकीचा, मग लाल कशाला होईल? ते सापडलं बिलाला जारांनी भागून दर काढला तेव्हा. आता शीटमध्ये त्याचा एक रकाना आहे. मागचे पैसे मी मागितले नाहीत. दर त्यांना मीच सांगितला होता म्हणे, आणि खरं सांगायचं तर मला आठवत नाही.