व्हिएतनामी, चौथा महिना: ‘एम’ म्हणजे मी की तू?

पहिले तीन महिने मी ‘तोय’ म्हणजे मी आणि ‘बान’ म्हणजे तू एवढ्यावर काढले, पुस्तकात पहिल्या धड्यात तेच असतं. (टोन देवनागरीत लिहिता येत नाहीत, तेवढं समजून घ्या.) हनोईच्या एका ताईंशी कॉलवर सराव सुरू झाला आणि कळलं की ओळखीच्या माणसाशी ‘तोय’ फार परकं वाटतं, घरच्यासारखं बोलायचं तर दोघांचं नातं लावावं लागतं.

त्यांनी विचारलं, "एम अन कम चुआ?" म्हणजे जेवलास का? उत्तर होतं "एम अन झोय", जेवलो. प्रश्नात एम म्हणजे तू, उत्तरात तोच एम म्हणजे मी! एम म्हणजे धाकटं भावंड. त्या मोठ्या म्हणून ‘ची’, मी लहान म्हणून एम, कोणीही बोललं तरी ज्याचा शब्द त्याच्याकडेच राहतो. आपल्याकडे आई बाळाला म्हणते ना, "आईला दे बघू", तिथे ‘मला’ म्हणतच नाही, अगदी तसंच, फक्त इथे ते आयुष्यभर आणि सगळ्यांशी चालतं. हे डोक्यात बसलं तेव्हा अर्धं कोडं सुटलं.

या आठवड्यात मात्र चुकलो. ताईंच्या ओळखीच्या एक बाई कॉलवर आल्या, मी त्यांना ‘को’ म्हणालो, म्हणजे आत्या. त्यांनी लगेच माझ्या आईचं जन्मसाल विचारलं. आईचं १९६४, त्यांचं १९६२. मग त्या को नाहीत, ‘बाक’! उत्तरेकडे आईवडिलांपेक्षा लहान असेल तर बाईला को, पुरुषाला ‘चू’, आणि मोठं असेल तर दोघांनाही बाक. म्हणजे स्वतःचं वय पुरत नाही, आईवडिलांचंही लागतं. मी घाईत बाक म्हणायला लागलो पण स्वतःला तोयच म्हणत राहिलो, ते कानाला विचित्र लागतं कारण जोडी तुटते. बाक म्हटलं की आपण आपोआप ‘चाउ’, म्हणजे पुतण्या किंवा नातू. (दक्षिणेकडे इथे ‘कॉन’ जास्त ऐकू येतं, ते नंतर बघेन.)

म्हणून आता शब्द सुटे पाठ करत नाही, ची-एम, को-चाउ, बाक-चाउ असे जोडीनेच घोकतो. आणि समोरचा स्वतःला काय म्हणतो ते आधी ऐकतो, त्याने को म्हटलं की माझी बाजू ठरली, त्याच वेळी वय विचारायची गरजही राहत नाही.

कॉल संपता संपता त्या बाईंचा सात वर्षांचा नातू स्क्रीनसमोर आला. त्याचे वडील ३८ चे, मी ३४ चा, म्हणजे त्याच्यासाठी मी चू. आजीशी बोलताना चाउ मी होतो, नातवाशी बोलताना चाउ तो झाला. त्याला "चू चाओ चाउ" म्हणालो, काका नमस्कार करतो रे तुला, आणि तो खुदकन हसून "चाउ चाओ चू" म्हणाला.