धुतल्यावर पांढरंशुभ्र

आखाजी संपली की खान्देशात लग्नांचा सपाटा लागतो आणि आमच्या डेअरीचा फोन थांबत नाही. पूर्वी पंगतीत वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी असली की झालं. आता त्याच्या शेजारी पनीरची भाजी नसली तर नवरदेवाचे मामा तोंड वाकडं करतात. म्हणून आचारी लोक आमच्याकडून दहा-वीस किलो सुटं पनीर उचलतात. मी जळगावजवळच्या एका लहान डेअरीत क्वालिटी बघते. बघते म्हणजे दूध घेण्यापासून तक्रारी ऐकण्यापर्यंत सगळंच.

तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीच्या असतात: "ताई, पनीरला पाणी सुटलं." ते खराब होणं नव्हे. दाबताना आत राहिलेली निवळी फ्रिजच्या थंडीत हळूहळू बाहेर येते, पिशवीच्या तळाशी पातळ, किंचित दुधाळ पाणी जमतं. ते ओतून टाका, पनीर थंड पाण्याखाली धरा, वापरा. तीन-चार दिवसांच्या आतलं असेल आणि वास गोडसर दुधाचा असेल तर प्रश्नच नाही. खरा प्रश्न असतो बुळबुळीचा, आणि दोन्हींतला फरक बोटांनाच कळतो. पनीरवरून बोट फिरवायचं, मग अंगठ्याने दाबून अंगठा हळूच वेगळा करायचा. निवळी असेल तर बोट नुसतं ओलं होतं. बुळबुळ असेल तर बोट आणि अंगठ्यात बारीक तार धरते, ती घसरते पण सुटत नाही. एवढं कळलं तरी माझे निम्मे फोन कमी होतील.

त्या शनिवारी दुपारी आमचे नेहमीचे आचारी दादा तणतणत आले. हातात पिशवी, पिशवीत एक किलोचा ठोकळा.

"ताई, हाई पाहा. पुरता ग्राहक तोडशात तुम्ही."

ठोकळा वरून पिवळट झालेला, पिशवीच्या आतल्या बाजूला गढूळ लाळेसारखा थर. मी अंगठ्याची चाचणी केली, तार दोन सेंटीमीटर तरी ओढली गेली. वास आंबट नव्हता, हे महत्त्वाचं. उलट जरासा सडलेल्या फळासारखा, कुबट गोडसर होता. अशा वासाची बुळबुळ बहुतेक वेळा थंडीतही वाढणाऱ्या, स्यूडोमोनास जातीच्या जिवाणूंची असते. फ्रिज त्यांना थांबवत नाही, फक्त हळू करतो. मोकळी हवा आणि ओला पृष्ठभाग मिळाला की ते पसरतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात. ते आवरण म्हणजेच बुळबुळ.

हे पनीर बरोबर सात दिवसांपूर्वीचं होतं. वीस किलो नेलेलं, पहिल्या पंगतीत पंधरा लागलं, पाच उरलं. शेठ लगेच म्हणाले, "बदलून द्या, विषय संपवा." शेठांना विषय संपवायची फार घाई असते. मी मात्र विचारलं, "बाकीचं चार किलो कुठे आहे?"

दादांचा सूर बदलला. "ते धुई टाकं ना. गरम पाण्यात मीठ टाकीसन भिजाडेल शे. आते पांढरंशुभ्र शे. उद्याच्या पंगतीले चालस, नवं फक्त चार-पाच किलो द्या."

म्हणजे तक्रारीचा पुरावा म्हणून एक किलो न धुतलेलं आणलं होतं, आणि उरलेलं चार किलो उद्या सकाळच्या भाजीत जाणार होतं. मी स्कूटर काढली आणि त्यांच्या मागे लॉन्सवर गेले.

मोठ्या टोपात कोमट खारं पाणी आणि त्यात तरंगणारे चार ठोकळे. खरंच पांढरेशुभ्र, आमच्या ताज्या पनीरपेक्षाही उजळ दिसत होते. बोट फिरवलं, काहीच नाही. तार नाही, वासही नाही. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. मी त्या दिवशी डेअरीत नसते आणि दादांनी हेच पनीर आणून "चालेल ना?" विचारलं असतं, तर बाहेरच्या तपासणीत ते पास झालं असतं.

मी एक ठोकळा उचलून मधोमध मोडला. सुरीने कापला असता तर कडा सरळ दिसली असती. मोडल्यावर खरं दिसतं. बाहेरचा चार-पाच मिलिमीटरचा पट्टा दाणेदार राहिला नव्हता, पेस्टसारखा झाला होता, बोटाने खरवडता येत होता. मधला भाग अजून घट्ट होता. मोडताना तोच कुबट वास आला, आतून. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं: कडू. जिवाणूंची विकरं प्रथिनं तोडतात, तेव्हा हा कडवटपणा येतो. तो पाण्याने निघत नाही, आणि ही विकरं इतकी चिवट असतात की दूध उकळलं तरी त्यातली काही शिल्लक राहतात.

"मग बाजू कापी टाकू," दादा म्हणाले. "मधलं तर चांगलं शे."

चीजच्या कडक ठोकळ्याला बुरशी आली तर आजूबाजूचा भाग खोलवर कापून टाकतात, ते ऐकून लोक पनीरलाही तसंच करतात. पण पनीरमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच असतं आणि ते भेगाभेगांचं असतं. जिवाणू कुठपर्यंत गेलेत ते डोळ्यांना दिसत नाही, आणि कापणारी सुरी तीच बुळबुळ आत ओढत नेते.

दादा सहजासहजी ऐकणारे नव्हते, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. तेराशे-चौदाशे रुपयांचा माल होता. म्हणून मी त्यांना हिशेब सांगितला, तो इथे लिहिते. समजा धुण्याने दहापैकी नऊ जिवाणू गेले. उरलेला एक दुप्पट, चौपट, आठपट होत पुन्हा दहावर यायला त्याला साडेतीन वेळाही दुप्पट व्हावं लागत नाही. थंडीत एका दुपटीला चार-सहा तास धरले तर एका दिवसाच्या आत तिथेच परत. "आणि तुमचा फ्रिज," मी म्हणाले, "किती थंड आहे ते पाहू."

डीप फ्रीझरचा जुना डबा होता, दाराचं रबर एका बाजूने फाटलेलं. थर्मामीटर घातला: १३ अंश. दुपारी लाईट तीन तास गेली होती म्हणे. पनीरला चार अंश हवे असतात. तेरा अंशांत सात दिवस काढले म्हणजे ते फ्रिजमध्ये होतं असं म्हणणंही उपकाराचं आहे.

"पण ताई, उकळी आल्यावर सगळं मरी जास ना?"

जिवाणू मरतात, हो. पण हातांतून येणारा स्टॅफिलोकॉकस जर अशा गरम फ्रिजमध्ये वाढला असेल आणि त्याने विष सोडलं असेल, तर ते विष उकळल्याने नष्ट होत नाही. तीनशे माणसांची पंगत, आणि मग उलट्या. दादा गप्प झाले. मिठाच्या पाण्याबद्दल मात्र ते अर्धे बरोबर होते, आणि ते मी मान्य केलं. साधारण पाच टक्क्यांच्या खाऱ्या पाण्यात ताजं पनीर बुडवून थंड ठेवलं तर ते साध्या फ्रिजपेक्षा जास्त दिवस टिकतं. पण हे पहिल्या दिवशी करायचं काम आहे. सातव्या दिवशी मीठ फक्त वरचा थर सैल करतं आणि वास झाकतं. साध्या पाण्यात भिजवून ठेवणाऱ्यांचंही तसंच: रोज पाणी बदललं तर पनीर सुकत नाही, पण एक तुकडा बिघडलेला असेल तर त्या पाण्यातून तो बाकीच्यांपर्यंत पोचतो.

चार किलो माझ्यासमोर कोंबड्यांच्या खुराड्यामागे खड्ड्यात गेलं. मग कोंबड्या तिथे उकरायला लागल्या, म्हणून वर चुना टाकून खड्डा बुजवला.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण त्या पनीरचे दोन तुकडे मी डब्यात घालून डेअरीत आणले होते, एक धुतलेला, एक न धुतलेला, आणि आमच्या चार अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवले. मला दादांचा नव्हे, माझाच हिशेब तपासायचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धुतलेल्यावर बोट फिरवलं: घसरट. तार अजून धरत नव्हती, पण कोरडी पांढरी कडा गेली होती. तिसऱ्या दिवशी तार धरली. म्हणजे माझा एक दिवसाचा अंदाज थोडा कमी पडला, कारण इथे खरी थंडी होती.

त्या शनिवारीच मी आमचा त्याच घाण्याचा राखीव नमुनाही काढून पाहिला होता. प्रत्येक घाण्याचा एक ठोकळा आम्ही बाजूला ठेवतो, शेठांना तो वाया जातो असं वाटतं. सातव्या दिवशी तो ठीक होता, नुसता ओलसर. नवव्या दिवशी मात्र त्याच्याही कोपऱ्यावर तीच घसरट जागा, तोच फळासारखा वास.

आचाऱ्यांचा फ्रिज दोषी, हे खरंच आहे. पण चार अंशांत ठेवलेल्या आमच्या ठोकळ्यावर ते जिवाणू कुठून आले? दूध आम्ही नव्वद अंशांपर्यंत तापवतो, मग थोडं उतरवून सायट्रिकच्या पाण्याने फाडतो. तिथून हे जिवंत निघत नाहीत. दाबल्यानंतर ठोकळे थंड पाण्याच्या टाकीत दोन तास पडतात, आणि स्यूडोमोनासचं घरच पाणी. लग्नसराईत ती टाकी दिवसातून एकदाही रिकामी झालेली नव्हती, वरून बर्फ टाकत राहायचे. दुसरी टाकी घ्या असं मी फेब्रुवारीत सांगितलं होतं. शेठ म्हणाले होते, "पाणी तर दिसायला स्वच्छ आहे."

दादांना मी फ्रिजचं तापमान दाखवलं, टाकी दाखवली नाही. त्यांनी नवीन पाच किलोचे पैसे पूर्ण दिले आणि रबर बदलून घेतलं, असं त्यांचा मुलगा सांगत होता. सोमवारी मी टाकी रिकामी करून, घासून, क्लोरीनच्या पाण्याने धुवायला लावली. तळाशी भिंतीला बोट लावलं तर ते घसरलं.