पिवळ्या मार्करखालचं एक वाक्य

चेक न वटल्याचं, म्हणजे कलम 138 चं प्रकरण होतं. मी फिर्यादीतर्फे. अशिलाने तीन लाख हातउसने रोखीत दिलेले, चेकवरची सही आरोपीला मान्य. युक्तिवादाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी 2008 चा कृष्णा जनार्दन भट हा निकाल पुढे केला. पिवळ्या मार्करखाली एकच वाक्य होतं: वसूल करता येण्याजोगं कर्ज अस्तित्वात आहे, असं कलम 139 खाली गृहीत धरता येत नाही. असं सुटं वाक्य उचलून आणणं ही आमच्याकडची जुनी खोड आहे आणि तिचा मला मनापासून राग येतो.

कोर्टाने विचारलं, "वाक्य सर्वोच्च न्यायालयाचंच आहे ना?" होतं. नुसतं 'ऑबिटर आहे' म्हणून भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ओघात आलेल्या मतालाही खालची न्यायालयं मान देतात. म्हणून मी ते वाक्य उलटं करून दाखवलं. समजा, कर्ज गृहीत धरायचंच. मग भट प्रकरणाचा निकाल बदलतो का? नाही. दीड लाख दिल्याचा कागद नव्हता, एवढी रक्कम देण्याची ऐपत सिद्ध नव्हती आणि आरोपीचे सही केलेले कोरे चेक त्याच्या मुखत्याराकडे होते. गृहीतक खोडून निघालं असतं आणि आरोपी सुटलाच असता. ज्या वाक्यावाचून निकाल तसाच उभा राहतो, ते त्याचा रेशो, म्हणजे निकालाचं बंधनकारक कारण, नाही. (ही कसोटी सरसकट लावू नये: निकालाला दोन स्वतंत्र कारणं असतील, तर कुठलंही एक काढलं तरी निकाल टिकतो, पण दोन्ही बंधनकारक असतात.)

मग मी सर्वोच्च न्यायालयाचाच 2010 चा रंगप्पा हा निकाल पुढे केला. तीन न्यायमूर्तींच्या त्या पीठाने, 139 च्या गृहीतकात कर्जाचं अस्तित्वही येतं, असं ठरवलं. भटमधलं ते वाक्य बरोबर नसावं असं म्हटलं, पण त्या प्रकरणाचा निकाल मात्र त्यातल्या तथ्यांवर योग्यच ठेवला. कोर्टाने मान डोलावली, मार्करवालं पान मिटलं.

त्यानंतर समोरच्यांनी भट निकालातलाच दुसरा परिच्छेद वाचला. गृहीतक खोडायला आरोपीने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात यायलाच हवं असं नाही. फिर्यादीच्याच पुराव्यातून शक्यतेचं पारडं त्याच्याकडे झुकलं तरी पुरे. या वाक्याला माझी कसोटी लावली तर निकाल कोसळतो, कारण भट प्रकरणातला आरोपी याच आधारावर सुटला होता. रंगप्पानेही हे माप कायम ठेवलं आहे.

आणि माझ्या अशिलाने उलटतपासात सांगितलं होतं, की तीन लाख घरात होते. बँकेतून काढल्याची नोंद नाही, विवरणपत्रात उल्लेख नाही. ऑबिटर बाजूला काढण्यात माझी वीस मिनिटं गेली. उलटतपासाचं ते पान मी उघडलं तेव्हा प्रकरण निकालासाठी ठेवलं गेलं होतं.