डबा कोणाचा?

आज दुपारी चहा पिताना नवऱ्यासमोर विषय काढलाच. मुद्दाम रविवारी. सकाळी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये बोललं की त्याचं भांडणच होतं.

"तू काही करत नाहीस" असं म्हटलं नाही, आणि ते खरंही नाही. म्हटलं, "अरे, आपली सकाळ नीट बसत नाहीये. कशी बसवूया?" त्यावर नेहमीचं उत्तर आलं, "तू सांग ना, मी करतो."

खरी मेख तिथेच आहे. भाजी चिरायला दहा मिनिटं लागतात. पण बुधवारी मटकीची उसळ हवी तर सोमवारी रात्री भिजत घालायची, मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, शिवाय घरात ओलं खोबरं आहे का ते बघायचं. हे सगळं माझ्या डोक्यात चालू असतं आणि ते कोणाला दिसत नाही.

म्हणून कामं निम्मी-निम्मी वाटलीच नाहीत. सोमवार ते बुधवार डबा पूर्ण त्याचा. भाजी ठरवण्यापासून संध्याकाळी डबे घासेपर्यंत. गुरुवार-शुक्रवार माझा, शिवाय किराणा माझ्याकडे. त्याच्या दिवसांत मी आठवण करून द्यायची नाही, आणि बटाट्याच्या काचऱ्या लागोपाठ आल्या तरी नाक मुरडायचं नाही. (हे कलम त्याने घातलं. मला जड जाणार आहे.)

महिनाभराने परत बसून बघायचं ठरलंय. सध्या तो आईला फोन करून विचारतोय, मटकीला मोड यायला किती वेळ लागतो.