दंड खोटा, दंड खरा

देगलूरला माझं ऑनलाइनचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला ही रोजची कामं. मध्ये मध्ये कुणीतरी गाडीचा दंड भरायलाही येतं. त्या दिवशी जवळच्या खेड्यातले एक मामा आले ते थेट हजार रुपये काउंटरवर ठेवूनच. "एवढे भरून टाक बाबा. चोवीस तासांत नाही भरले तर लायसन जातंय म्हणं."

पुण्यात कामाला असलेल्या मुलानं त्यांना व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला होता. वर पोलिसांचं बोधचिन्ह, खाली एम एच 26 चा गाडी नंबर, सिग्नल तोडल्याचा एक हजार दंड आणि पैसे भरायची लिंक. नंबर मामांच्याच मोटारसायकलचा होता, आणि त्यावरच त्यांचा सगळा भरवसा. मी म्हणालो, मामा, गाडीचा नंबर काय गुपित आहे का? तो तर रस्त्यावर सगळ्यांना दिसतो. विमा काढताना, पीयूसी काढताना मोबाइल नंबराच्या शेजारीच लिहून घेतात. तो बरोबर असला म्हणून नोटीस खरी ठरत नाही.

स्क्रीनशॉटची अडचण अशी की नेमकं जे बघायचं तेच त्यात नसतं. मुलानं वरचा भाग कापलेला, त्यामुळे मेसेज कुणाकडून आला ते गेलं. लिंकही अर्धीच: `mahatrafficechallan.gov-in` एवढं दिसत होतं, पुढची ओळ कापलेली. पण तेवढ्यावरही संशय यायला हवा, कारण आपल्या वाहतूक पोलिसांची साइट `mahatrafficechallan.gov.in` आहे. `gov` आणि `in` यांच्यात टिंब असतं, आडवी रेघ नसते. `.gov.in` हा शेवट सरकारी खात्यांनाच मिळतो. म्हणून पत्ता वाचताना मी `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जातो आणि तिथून उलटा वाचत येतो. त्या रेघेच्या अगदी आधी `.gov.in` हवं, सुरुवातीच्या टिंबासकट. पत्त्याच्या सुरुवातीला कितीही सरकारी नावं असोत, त्याला अर्थ नाही; ती कुणालाही लावता येतात. लिंक आहे म्हणजे फसवणूकच, असंही धरू नये. पोलिसांच्या खऱ्या मेसेजमध्येही लिंक येते.

मुलाला फोन लावून मूळ मेसेज बघायला सांगितला. तो व्हॉट्सअॅपवर एका साध्या दहा आकडी नंबरावरून आलेला, फोटोच्या जागी पोलिसांचं चिन्ह. सरकारी एसएमएस येतो तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी मोबाइल नंबर नसतो, इंग्रजी अक्षरांचं नाव असतं, आणि 2025 पासून सरकारी मेसेजच्या नावाला शेवटी `-G` लागतं. मुलाच्या फोनवर त्याच नंबरावरून एक फाइलही आली होती, `RTO Challan.apk`. त्यानं ती उघडली नव्हती. मला दंडाच्या हजारापेक्षा या फाइलची जास्त धास्ती वाटते. `.apk` म्हणजे अॅप. ते बसवलं आणि एसएमएस वाचायची परवानगी दिली, की बँकेचे ओटीपी परस्पर समोरच्याकडे जातात. कुणाकडून चुकून बसलंच, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करायचं आणि बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवायचं. मुलाला म्हणालो, फाइल डिलीट कर, नंबर ब्लॉक कर.

एवढं झाल्यावर मामांनी हजार रुपये खिशात घातले आणि उठले. त्यांच्या दृष्टीनं काम संपलं होतं. मी म्हणालो, बसा. मेसेज खोटा आहे, पण गाडीवर दंड आहे की नाही ते अजून कुठं बघितलंय?

हीच गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. मेसेज खरा की खोटा यावर तासभर वाद घालतील, पण नोंद बघणार नाहीत. नोंद बघायला दोन गोष्टी लागतात: गाडी नंबर, आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे. ते आरसीवर असतात. मामांची आरसी प्लास्टिकच्या पिशवीत, पासबुकासोबत होतीच. मी पत्ता स्वतः टाइप केला. गुगलवर 'चलन भरणा' शोधून पहिल्या दुव्यावर जायची सवय वाईट, कारण तिथं वरती पैसे देऊन लावलेल्या जाहिराती येतात.

चार आकडे टाकले आणि एक चलन निघालं. पाचशे रुपये, विनाहेल्मेट, ठिकाण छत्रपती संभाजीनगर. तारीख काही महिन्यांपूर्वीची. सिग्नल तोडल्याचं काहीच नाही. मामा म्हणाले, "मी कामून जाऊ तिकडं गाडी घेऊन?" मी फोटो उघडला. खऱ्या नोंदीत जागा, वेळ आणि बहुतेक वेळा गाडीचा फोटो असतो. त्या स्क्रीनशॉटमध्ये नुसती रक्कम आणि घाई होती. फोटोत मामांचीच गाडी, नंबर स्वच्छ, आणि वर मामांचा पुतण्या. तिथं कॉलेजला आहे, गाडी वर्षभर त्याच्याकडेच. डोक्यावर टोपी होती, हेल्मेट नव्हतं.

मग मामांचा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. खोटा मेसेज मुलाला घरबसल्या पोचला, मग खऱ्याचा का नाही आला? खरा मेसेज आरटीओत गाडीसोबत नोंदलेल्या नंबरावर जातो. मामांनी गाडी घेतली तेव्हाचं सिम केव्हाच बंद पडलेलं. त्यामुळे पोलिसांचा मेसेज कुणाच्याच हातात पडला नाही. आपल्याकडं हे फार होतं. सिम बदलतं, आरटीओत नोंदलेला मोबाइल नंबर तोच राहतो. परिवहनच्या साइटवर तो बदलून मिळतो. ते काम मी लगेच सुरू केलं.

एका साइटवर काही दिसलं नाही म्हणजे गाडी कोरी, असंही नसतं. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांचं चलन वरच्या साइटवर दिसतं. आरटीओच्या पथकानं केलेल्या दंडासाठी `echallan.parivahan.gov.in` बघावं लागतं. आमच्या सीमेवरच्या गाड्या हैदराबादला जातात, आणि तेलंगणा पोलिसांची व्यवस्था आणखी वेगळी. मामांची गाडी परिवहनच्या साइटवरही बघितली, तिथं काही नव्हतं. तेलंगणात ती गेलेलीच नव्हती.

पाचशे रुपये भरले, पावती निघाली, चलनाची स्थिती बदललेली मामांना दाखवली. खोट्या मेसेजची तक्रार मुलानं संचार साथी या सरकारी साइटवरच्या 'चक्षू'वर केली. पैसे गेलेले नसताना कळवायचं ते ठिकाण. पैसे गेलेच असते तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करायला लावला असता, कारण रक्कम पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत अडवता आली तरच उपयोग.

मामांनी पुतण्याला दुकानातूनच फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. तो आधी म्हणाला, "काका, तो फोटो बी खोटाच असंल." मग मी त्याला टोपीचा रंग सांगितला. जाताना मामा म्हणाले, पाचशे त्याच्याकडून घेतो, तुझे प्रिंटचे दहा रुपये पण त्याच्याच नावावर लिहून ठेव.