टवाळाचे खाद्य

सतत टर उडवणाऱ्या माणसाचे काय करावे, याविषयी आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. ‘लक्ष देऊ नकोस, बोलून बोलून थकेल’ हा एक आणि ‘एकदा चांगले सुनाव, पुन्हा तोंड उघडणार नाही’ हा दुसरा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी त्या टवाळाशेजारी डबा उघडून बसायचे नसते, त्यामुळे तो पुढे काय करतो हे पाहण्याची तसदी ते घेत नाहीत. आमच्या कार्यालयातील जेवणाच्या टेबलावर मला ते बऱ्यापैकी जवळून पाहायला मिळाले.

आमचे एक सहकारी जळगावकडचे. बोलण्याच्या ओघात त्यांच्या तोंडी ‘पानी’ आणि ‘कोनी’ येते. त्यात वावगे काहीच नाही, महाराष्ट्रातील निम्मी माणसे तसेच बोलतात. परंतु हिशेब विभागातील एका गृहस्थांना आपल्या शुद्ध ‘ण’चा फार अभिमान होता आणि तांब्या पुढे सरकवताना ‘घ्या भाऊ, पानी घ्या’ असे म्हटल्यावाचून त्यांना घास गिळत नसे. भाऊ सुरुवातीला कसनुसे हसत. बळी पडलेल्याने हसून घेणे म्हणजे मोठ्या मनाचे लक्षण, असे आपण मानतो. टवाळाच्या लेखी मात्र ती पावती असते, आणि पावती मिळालेला व्यवहार माणूस पुन्हा करतो.

मग एके दिवशी भाऊंनी उत्तर दिले. ‘साहेब, खडकवासल्याचे पाणी तुम्ही ‘ण’ने प्या, मी ‘न’ने पितो. तहान दोघांची भागते ना?’ टेबल खो खो हसले. मलाही वाटले, संपले प्रकरण. दुसऱ्या दिवशी गृहस्थ तयारी करून आले. त्यांनी ‘बाजीराव बानेरला बान घेऊन गेला’ असे एक अख्खे वाक्य रचून आणले होते. फर्मास उत्तराने टवाळ गप्प बसत नाही, त्याला जोडीदार मिळतो. पूर्वी त्याला एकट्याला हशा मिळवावा लागत असे; आता दोघे मिळून मिळवू लागले आणि पलीकडच्या टेबलावरची माणसेही खुर्च्या ओढून येऊ लागली. भाऊंना रोज नवे उत्तर शोधावे लागे आणि ज्या दिवशी सुचत नसे त्या दिवशी ते हरलेले दिसत. सामना ठरवणारा गडी एकच होता, आणि तो भाऊ नव्हता.

तेव्हा भाऊंनी मौन धरले. याच्या पुढचा भाग सल्लागार मंडळी सांगत नाहीत. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक उंदीर कळ दाबून खाण्याच्या गोळ्या मिळवत असे. एकदा गोळ्या सोडणारे यंत्र अडकले आणि स्किनरला आयताच एक नवा आलेख मिळाला: फळ बंद झाल्यावर वर्तन कसे विझत जाते याचा. ते एकदम विझत नाही. पुढे अशा अनेक प्रयोगांत दिसले की, फळ थांबताच प्राणी बऱ्याचदा आधी जास्त जोराने आणि जास्त वेळा कळ दाबतो. रेल्वे स्थानकावरच्या वजनकाट्याने नाणे गिळून तिकीट दिले नाही, की आपणही आधी त्याला दोन गुद्दे घालतो आणि मगच निघून जातो.

आमच्या गृहस्थांनीही गुद्दे घातले. आवाज चढला. ‘न’ आणि ‘ण’ सोडून ते भाऊंच्या डब्यातील शेवभाजीच्या तर्रीवर घसरले आणि तिथेही काही मिळेना, तेव्हा भाऊ आईशी फोनवर कसे बोलतात याची नक्कल करू लागले. ‘गप्प बसल्याने उलट वाढतेच आहे’ असे भाऊंना वाटले, ते स्वाभाविकच होते. वास्तविक ती वाढच मौन लागू पडत असल्याची खूण होती, कारण मिळणारे मिळेनासे झाले म्हणूनच माणूस विषय बदलून पाहतो. परंतु आईची नक्कल ऐकून भाऊ एकदा भडकले आणि टेबलावर हात आपटून वाटेल ते बोलले.

माझ्या मते सगळ्यांत महाग पडते ते हेच. कधीतरीच आणि अनियमित मिळणाऱ्या फळाची सवय सर्वांत चिवट असते, हेही त्याच प्रयोगांतून पुढे आले. नऊ वेळा गप्प बसून दहाव्यांदा उसळणारा माणूस टवाळाला एवढेच शिकवतो, की खाद्य आहे, फक्त ते काढायला आईपर्यंत जावे लागते. त्यानंतर गृहस्थ ‘पानी’वर परतलेच नाहीत, थेट आईपासूनच सुरुवात करू लागले. एकनाथांची पैठणची कथा आपल्याला सहनशीलतेची म्हणून सांगतात. गोदावरीत स्नान करून येताना एक जण पुन्हा पुन्हा थुंकतो आणि नाथ प्रत्येक वेळी पुन्हा स्नानाला जातात. मला त्यात सहनशीलतेइतकाच काटेकोरपणाही दिसतो. पहिल्या स्नानानंतरचे नाथ आणि शेवटच्या स्नानानंतरचे नाथ यांत त्या माणसाला तसूभरही फरक सापडत नाही.

पण असे मौन कितीही काटेकोर असले तरी आमच्या टेबलावर ते अपुरे पडले असते, कारण गृहस्थांचे खाद्य भाऊंच्या चेहऱ्यावर कमी आणि आमच्या हसण्यात जास्त होते. कॅनडात टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर केलेल्या आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात, मुलांच्या छळाच्या 88 टक्के प्रसंगांत इतर मुले हजर होती, मध्ये पडणारी मात्र 19 टक्के प्रसंगांतच निघाली. आणि ती मध्ये पडली त्यांपैकी निम्म्याहून अधिक वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. आमच्याकडे मध्ये पडल्या त्या आवक-जावक विभागातील एक ज्येष्ठ बाई. त्या रागावल्या नाहीत. नक्कल संपल्यावर त्यांनी पोळीचा तुकडा हातात धरून अगदी साधेपणाने विचारले, ‘यात हसायचे काय होते, ते मला नीट सांगता का?’ गृहस्थ सांगू लागले. चिडवणे समजावून सांगावे लागले की त्यात चिडवण्यासारखे काही उरत नाही. तिसऱ्या वाक्यापाशी ते अडखळले आणि कोणीही त्यांच्या मदतीला आले नाही.

त्या दिवसापासून भाऊंनीही मौन आणि हजरजबाबीपणा दोन्ही सोडले. ‘मी पानीच म्हणतो. पुढचे बोला.’ हे एकच वाक्य, त्याच आवाजात, ना हसून ना रागावून. उत्तर असे असावे की ऐकणाऱ्याला त्यात काडीचीही करमणूक मिळू नये. गप्प बसण्यापेक्षा ते मला सरस वाटते, कारण मौनाला टेबल भेकडपणा समजू शकते, या वाक्याला तसे म्हणता येत नाही. अर्थात टवाळ बरोबरीचा असेल तरच हे जमते. थट्टा करणारा साहेब असला, तर टेबल गंमत वाटली म्हणून हसत नाही, भीतीने हसते, आणि तिथे तारीखवार लिहून ठेवलेल्या नोंदी आणि लेखी तक्रार यांखेरीज फारसे काही उपयोगी पडत नाही.

गृहस्थ हळूहळू थंडावले. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्याच दिवशी मात्र त्यांनी तांब्या उचलून ‘पानी?’ असे म्हणून पाहिले. विझलेली सवय खंड पडल्यावर अशी एकदा डोके वर काढते. तेवढ्यावरून उपाय फसला असे समजायचे नसते. भाऊंनी आपले वाक्य म्हटले आणि तांब्या घेतला. हल्ली गृहस्थांचे लक्ष सिंधुदुर्गातून आलेल्या नव्या मुलाच्या हेलाकडे वळू लागले आहे, आणि बाई त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसू लागल्या आहेत.